मोरीतून किती पाणी जाईल?

(रात्रीच्या वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपण गुणाकार-भागाकार पक्का केला. आज त्याच गुणाकार-भागाकाराने एक काम करून पाहू. शेतावरच्या वाटेखाली मोरी घालायची आहे. पाइप केवढा घ्यावा? दुकानदार विचारतो, तीनशेचा देऊ की सहाशेचा? आपण म्हणतो, द्या मधला. पण पाणी किती येणार हे ठाऊक नसेल, तर मधला म्हणजे कशाच्या मधला?

हा हिशेब मी एकदा चुकीचा केला आहे. आकडे बरोबर होते, गुणाकारही बरोबर होता. चूक दुसरीकडेच होती. ती सांगितली म्हणजे खरी रीत आपोआप कळेल. म्हणून आधी माझी फजिती ऐका.

आमचे गाव देशावर, घाटाच्या पूर्वेला. आमच्या पुतण्याचे शेत माळाच्या पायथ्याशी आहे. माळावरून एक ओघळ उतरते, ती त्याच्या गाडीवाटेला आडवी जाते. पूर्वी बैलगाडी ओघळीतून खाली-वर करून जाई. ट्रॅक्टर आला तसा पुतण्या म्हणाला, "नाना, इथं भराव टाकून खाली मोरी घालू. तुम्ही हिशेब करून द्या." २०२१ च्या मे महिन्यातली ही गोष्ट.

मी मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आणल्या. त्यात एका दिवसाचा मोठा पाऊस ११२ मिलिमीटर सापडला. मी म्हटले, दिवसाचे तास चोवीस. ११२ भागिले २४, म्हणजे तासाला पावणेपाच मिलिमीटरच्या आत. त्यावरून पाणी काढले, ते सेकंदाला साधारण ४७ लिटर आले. तीनशे मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने गेले, तरी ७० लिटर जाते. मी छाती पुढे काढून सांगितले, "तीनशेचा घाल, वर शिल्लक राहील." पुतण्याने घातला. वर मुरमाचा भराव टाकला, दाबला.

पहिले वर्ष बरे गेले. २०२२ च्या सप्टेंबरात एके दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती. दुपारी मध्येच अशी झड आली की अंगणापलीकडचे घर दिसेना. वीस-पंचवीस मिनिटे ती चालली, मग पुन्हा रिपरिप. संध्याकाळी पुतण्या धावत आला. मोरी गेली होती. पाइप तीस पावलांवर आडवा पडला होता आणि भरावाचा सगळा मुरूम खालच्या आक्कांच्या शेतात पसरला होता. तिथे त्यांच्या कांद्याच्या रोपाचे वाफे होते. आक्का एकट्या, शेत तेवढे एकच. त्या वर्षाची सारी लागण त्या रोपावर होती.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधावर गेलो. काय बोलावे सुचेना. हिशेब कसा केला होता ते सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं गणित बराबर आसंल. पर पानी काय तुमच्या शाळंत शिकलेलं न्हाई."

बोलणे लागले. पण त्याच बांधावर उभे असताना मला एक गोष्ट दिसली. ओघळीच्या सरळ भागात दोन्ही काठांना काडीकचऱ्याची रेघ राहिली होती. पूर तिथपर्यंत चढला होता, त्याची ती खूण. मी मोजले. रुंदी दीड मीटर, खोली अर्धा मीटर. गुणाकार पाऊण चौरस मीटर. म्हणजे पूर आला तेव्हा ओघळीत पाऊण चौरस मीटर जागा पाण्याने भरली होती. माझ्या हिशेबाप्रमाणे त्यातून सेकंदाला ४७ लिटरच जात असतील, तर पाण्याचा वेग सेकंदाला सहा सेंटिमीटर निघतो. म्हणजे पाणी मुंगीच्या चालीने आले! मुंगीच्या चालीचे पाणी पाइप उपटून तीस पावले नेईल का? त्या उतारावर पुराचे पाणी सेकंदाला मीटर-सव्वामीटर सहज धावते. तसे धरले तर पाणी ७५० ते ९५० लिटर झाले असले पाहिजे. माझा आकडा थोडाथोडका नव्हे, पंधरा-वीस पटींनी कमी होता.

पाइप वाहून गेला, भराव फुटला, तर काठावरची ही रेघ लगेच मोजून ठेवा. दोन दिवसांनी ती राहत नाही. आपला कागदावरचा हिशेब खरा की खोटा हे तीच सांगते.

आता चूक कुठे झाली ते पाहू. आमच्या ओळखीचे एक मृदसंधारण खात्यातले निवृत्त पर्यवेक्षक आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वही पाहिली, हसले नाहीत. एवढेच विचारले, "गुरुजी, ११२ मिलिमीटर पाऊस चोवीस तास सारखाच पडत होता का हो?"

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात. तो किती पडला ते सांगतो, कसा पडला ते सांगत नाही. दिवसभराच्या पावसातला मोठा वाटा कधी अर्ध्या तासात पडून जातो. मोरी फुटते ती त्या अर्ध्या तासात. उरलेले साडेतेवीस तास तिला काही त्रास नसतो. मी चोवीस तासांची सरासरी काढली, आणि झड त्या सरासरीत बुडवून टाकली.

मग झड किती वेळाची धरायची? पाच मिनिटांची, की एका तासाची? या रीतीचा खरा गाभा इथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आमच्या शाळेला एकच फाटक होते. घंटा झाली की पहिलीची मुले, फाटकाजवळची, लगेच बाहेर पडत. सातवीचा वर्ग मागच्या टोकाला, त्यांना फाटकाशी यायला तीन मिनिटे लागत. समजा, सगळ्या वर्गांतून मुले एकसारखी बाहेर येत आहेत. फाटकात सर्वांत जास्त गर्दी केव्हा होईल? पहिलीची मुले आली तेव्हा नव्हे. सातवीची पहिली मुले येऊन पोचली, तेव्हा सगळे वर्ग एकदम फाटकात असतात. ती वेळ खऱ्या गर्दीची.

पाण्याचेही तसेच. मोरीजवळच्या वावरात पडलेले पाणी लगेच येते. माळाच्या माथ्यावरचे पाणी उशिरा येते. माथ्यावरच्या थेंबाला मोरीशी यायला जेवढा वेळ लागतो, त्याला पुस्तकात संकेंद्रण काळ म्हणतात. आपण साधे नाव ठेवू, पोचवेळ. झड पोचवेळेपेक्षा आधी थांबली, तर माथ्याचे पाणी येईपर्यंत खालचे निघून जाते, सगळे एकत्र येत नाही. झड त्याहून पुष्कळ लांबली, तर सगळे एकत्र येते खरे, पण लांबलेला पाऊस त्याच जोराने पडत नाही. पाच मिनिटे कोसळेल तसा तासभर कोसळत नाही, हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. म्हणून मोरीला सर्वांत घातक झड ती, जी बरोबर पोचवेळेइतकी टिकते. हिशेबाला तीच धरायची.

या रीतीला रॅशनल पद्धत म्हणतात, म्हणजे तर्काला धरून असलेली रीत. ती आजची नाही. आयर्लंडात मुल्व्हॅनी नावाच्या अभियंत्याने १८५१ च्या सुमारास हा विचार मांडला, आणि अमेरिकेत रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी कुइकलिंग याने १८८९ मध्ये तो वापरला. म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी रीत मला साठीनंतर समजली. असो.

आता रीत सांगतो. तीन गोष्टी लागतात. पाणी कुठून येते ते क्षेत्र, पडलेल्यापैकी किती वाहून जाते तो अंश, आणि पोचवेळेच्या झडीचा जोर. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ३६० ने भागायचे. अभियंते ते असे लिहितात:

Q = C × I × A ÷ 360

क्षेत्र हेक्टरात, जोर तासाला मिलिमीटरांत. उत्तर येते ते सेकंदाला घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर.

हे ३६० कुठून आले, असे विचाराल. विचारलेच पाहिजे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी साचले तर ते १० घनमीटर होते. तासाला ३६ मिलिमीटर पाऊस असेल तर तासाला ३६० घनमीटर होतील. तासाचे सेकंद ३६००. म्हणून सेकंदाला एक दशांश घनमीटर, म्हणजे १०० लिटर. एवढे एकच ध्यानात ठेवा. एका हेक्टरावर तासाला ३६ मिलिमीटर पाऊस, आणि सगळे पाणी वाहून गेले, तर सेकंदाला १०० लिटर. सूत्र विसरलात तरी यावरून पुन्हा तयार करता येईल.

आता आमच्याच मोरीचा हिशेब करू. गुणाकार सोपा व्हावा म्हणून क्षेत्रे थोडी गोल केली आहेत.

पहिले, क्षेत्र. सातबाऱ्यावर असेल ते क्षेत्र इथे चालत नाही. मोरीशी येणाऱ्या पाण्यात पुतण्याची जमीन सव्वा हेक्टरच आहे. बाकीचे पाणी शेजाऱ्यांच्या वावरातले आणि माळावरचे. पाण्याला बांधावरचे दगड आणि गटनंबर ठाऊक नसतात. डोक्यावर पोते घेऊन पावसात चालत जावे, आणि कुठपर्यंतचे पाणी आपल्या ओघळीकडे वळते व कुठून पलीकडे जाते ते पाहावे. त्या उंचवट्याच्या रेघेच्या आतले सारे क्षेत्र धरायचे. आमचे निघाले साडेसहा हेक्टर. त्यात माळ साडेतीन, वावरे तीन. कोणी एकरात मोजले असेल तर आधी हेक्टर करून घ्या. अडीच एकरांचा एक हेक्टर धरला तरी चालेल. एकर तसेच सूत्रात घातले तर पाणी अडीच पट निघेल आणि पैसे उगाच जातील.

दुसरे, वाहून जाणारा अंश. पडलेल्या पावसापैकी काही जमिनीत मुरतो, उरलेला वाहतो. वाहतो त्याचा भाग सांगणारा हा आकडा. सपाट, हलक्या, रेताड पिकाऊ जमिनीत तो ०.३० धरतात. मध्यम-भारी पिकाऊ जमिनीत ०.५० च्या आसपास. चिकण जमीन आणि चढ जास्त असेल तर ०.७० किंवा ०.८० सुद्धा. आमच्या वावरांना आम्ही ०.५० धरला. माळ चढाचा, माती बोटभर, गुरांनी खुरडलेला, म्हणून ०.६० धरला.

आता प्रत्येक तुकड्याचा वेगळा गुणाकार. माळ साडेतीन गुणिले ०.६०, म्हणजे २.१. वावरे तीन गुणिले ०.५०, म्हणजे १.५. बेरीज ३.६. म्हणजे साडेसहा हेक्टरांतले ३.६ हेक्टर जणू फरशी घातल्यासारखे सगळे पाणी सोडतात, असे समजा.

हा अंश या साऱ्या हिशेबातला सर्वांत कच्चा आकडा आहे, हे लपवून ठेवत नाही. आठवडाभर पाऊस होऊन जमीन भिजलेली असेल, तर तीच जमीन जास्त पाणी सोडते. उद्या कोणी माळ नांगरला, किंवा वर प्लास्टिकचे हरितगृह बांधले, तर अंश वाढतो. म्हणून दोन आकड्यांत मन अडले तर मोठा घ्यावा.

तिसरे, पोचवेळ आणि जोर. आम्ही माथ्यापासून मोरीपर्यंत पाण्याच्या वाटेने दोरी टाकली. लांबी ६०० मीटर. पाण्याची पारदर्शक नळी घेऊन टप्प्याटप्प्याने उतार मोजला. एकूण २४ मीटर उतार. म्हणजे शंभर मीटरला चार मीटर. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शेतजमिनींच्या लहान पाणलोटांवर झालेल्या मोजण्यांवरून किर्पिच यांनी १९४० मध्ये पोचवेळेचे सूत्र दिले. ते घातांकांचे आहे, आपल्या वर्गात बसणार नाही. शाळेतल्या मुलाला मोबाइलवर करायला सांगा. ते असे:

t = 0.0195 × L^0.77 × S^-0.385

L म्हणजे मीटरांत लांबी. S म्हणजे उतार भागिले लांबी, आमच्या इथे ०.०४. उत्तर मिनिटांत येते. आमचे आले सव्वानऊ मिनिटे. शंभराला चार असा उतार आणि वाट ३०० मीटर असती, तर साडेपाच मिनिटे आली असती. वाट ६०० मीटरच, पण उतार शंभराला एकच असता, तर पावणेसोळा. यावरून आपल्या रानाचा अंदाज बांधता येईल. आम्ही दहा मिनिटे धरली.

पाहा, दहा मिनिटे! आणि मी चोवीस तासांनी भागत बसलो होतो.

आता दहा मिनिटांच्या झडीचा जोर कुठून आणायचा? स्वतः नोंद करणारा पर्जन्यमापक जवळ असेल आणि त्याच्या मिनिटांच्या नोंदी मिळत असतील, तर त्याच पाहाव्यात. आता महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, पण त्यांच्या नोंदी अजून थोड्या वर्षांच्या आहेत. दिवसाचा आकडा मात्र जुन्या वर्षांचाही मिळतो. दिवसाच्या आकड्यावरून झडीचा जोर काढण्याची एक रीत इंडियन रोड्स काँग्रेसच्या लहान पूल व मोऱ्यांच्या पुस्तकात, म्हणजे विशेष प्रकाशन १३ मध्ये, दिली आहे. ती साधी आहे. पाऊस जितके तास पडला तितक्या तासांनी भागायचे. मग त्या तासांत एक मिळवून गुणायचे. शेवटी पोचवेळेच्या तासांत एक मिळवून भागायचे.

आमचा पाऊस ११२ मिलिमीटर, तास चोवीस. पोचवेळ दहा मिनिटे, म्हणजे तासाचा सहावा हिस्सा. सारे आटोपून हिशेब एवढाच उरतो: ११२ ला २५ ने गुणा, २८ ने भागा. उत्तर तासाला १०० मिलिमीटर.

आता शेवटचा गुणाकार. ३.६ गुणिले १००, म्हणजे ३६०. भागिले ३६०. उत्तर एक. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. मी सांगितले होते सत्तेचाळीस.

मोरी फुटली त्या दिवशी मंडळाची नोंद ९६ मिलिमीटर होती. तोच हिशेब ९६ ने केला तर पाणी साधारण ८५७ लिटर येते. काठावरच्या काडीकचऱ्याने काय सांगितले होते? ७५० ते ९५०. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच वेळी लाजही वाटली. वाटेला टेकेपर्यंत पाणी तुंबले असते तरी त्या तीनशेच्या पाइपातून दीडशे लिटरांच्या आसपासच गेले असते. उरलेल्याने भरावावरून वाट काढली.

इथे पर्यवेक्षकांनी आणखी दोन प्रश्न टाकले. पहिला असा: "११२ च का धरला? तो गावातला मोठ्यात मोठा पाऊस आहे का?" मी पुन्हा नोंदी काढल्या. २००२ ते २०२० अशी १९ वर्षे. प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा एक दिवस घेतला आणि मोठ्याकडून लहानाकडे उतरत मांडला. ११२ दुसरा आला. वर्षांत एक मिळवायचा, म्हणजे २०. त्याला क्रमांकाने, म्हणजे दोनाने भागायचे. उत्तर १०. म्हणून हा दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस. शेतावरच्या मोरीला साधारण दहा वर्षांचा पाऊस धरतात. मी पहिल्यांदा तोच धरला होता, पण तो निव्वळ योगायोग.

दहा वर्षांतून एकदा, याचा अर्थ नीट लावा. एकदा येऊन गेला म्हणजे नऊ वर्षे सुटका, असे नाही. दरवर्षी दहांत एक अशी त्याची शक्यता असते. दहा वर्षांच्या काळात निदान एकदा तरी तेवढा किंवा त्याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता शंभरात पासष्ट आहे. लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

दुसरा प्रश्न अवघड होता. "ते ११२ मिलिमीटर चोवीस तासांतच पडले कशावरून?" वळवाचा पाऊस असेल तर तो दोन तासांत मोकळा होतो. दोन तास धरून तीच रीत केली, तर जोर १०० नव्हे, १४४ येतो आणि पाणी जवळजवळ दीडपट होते. म्हणून नुसत्या दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या दिवशी पाऊस किती वेळ होता? माझ्या पुतण्याची आजी, म्हणजे आमची आई, तिने त्या ११२ च्या पावसाचे बरोबर सांगितले. रात्रभर पत्रा वाजत होता, पहाटे थांबला. म्हणून आम्ही चोवीस तासांचा हिशेब कायम ठेवला, पण वळवासाठी वेगळी सोय केली. ती सांगतो.

पाइप केवढा? तोंडाशी पाणी पाइपच्या माथ्याला टेकले असताना एक मीटर व्यासाचा पाइप सेकंदाला एक घनमीटरच्या आसपास पाणी घेतो. म्हणून हजारचा एक पाइप. पुतण्या म्हणाला, "नाना, सहाशेचे दोन घातले तर? बाराशे होतात की." नाही होत. व्यासांची बेरीज करायची नसते. सहाशेचा एक पाइप तसाच भरला तर तीनशे लिटरांच्या आत पाणी घेतो. हजार लिटरांना चार लागतील. शिवाय बाभळीची एक फांदी आडवी आली की लहान पाइप गच्च होतो.

वळवाची सोय अशी. पाइपच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर वर, वाटेचाच चार मीटरांचा तुकडा वीतभर खोलगट ठेवला. त्यावर आणि त्याच्या खालच्या उतारावर दगड बसवले. पाइपला न पेलणारे पाणी त्या सांडव्यावरून ओघळीतच उतरते. ते भराव फोडत नाही आणि आक्कांच्या वाफ्यांकडे वळत नाही. चार मीटर दगड बसवायला पाइपच्या मानाने फार खर्च येत नाही. मला विचाराल तर पाइपइतकेच हेही महत्त्वाचे आहे. आमचा हिशेब चुकू शकतो, सांडवा ती चूक सांभाळतो.

ही रीत शेतावरच्या लहान पाणलोटाची आहे, एवढे ध्यानात असू द्या. शेकडो हेक्टरांचा ओढा असेल, वर पाझर तलाव किंवा मोठी ताल असेल, तर पाणी वाटेत थांबते, साचते, मग सुटते. तिथे हा साधा गुणाकार खरा ठरत नाही. तिथे अभियंत्याला बोलवा. आणि आमचे आकडे तुमच्या गावाला लावू नका. कोकणातल्या कोणी ११२ धरला तर त्याचा पाइप माझ्या पहिल्या पाइपाच्याच वाटेने जाईल. आपल्या मंडळाच्या नोंदी आपणच आणायच्या.

नवी मोरी २०२३ च्या उन्हाळ्यात झाली. आक्कांच्या रोपाचे पैसे पुतण्याने दिले, निम्मे मी दिले. त्या घेत नव्हत्या. मग त्यांनी एक अट घातली. मोरीच्या तोंडाशी काठी रोवायची, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला एक रेघ, आणि पाणी कितव्या रेघेला आले ते त्या स्वतः पाहणार. खालचे शेत त्यांचे, भीती त्यांना, म्हणून पहारा त्यांचा.

२०२४ च्या जुलैत एक चांगली झड झाली. पाऊस थांबल्यावर मी मोरीवर गेलो, तर आक्का माझ्या आधी तिथे होत्या. पदराखालून त्यांनी याच वर्गातली वही काढली. तिच्यात तारीख होती, आणि पुढे त्यांच्या हाताने लिहिले होते: "पाणी ७ रेघा. काडीकचरा काढला."